आत्याबाईंच्या मिशा

‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं’ ही म्हण ज्याने केली त्याने आत्याबाईंकडे उजेडात नीट पाहिलेलं नसावं. मिशा आत्याबाईंना होत्याच. मावशींना, वहिनींना आणि सिनेमातल्या नायिकेलाही असतात. ओठांसारख्या मोजक्या जागा सोडल्या तर माणसाचा सगळा चेहरा केसाळ असतो. बायकांच्या चेहऱ्यावर त्या केसांचं रूप म्हणजे लव. बहुतेक वेळा 2 मिलिमीटरपेक्षा आखूड, मिलिमीटरच्या तीन शतांशाहून बारीक आणि जवळपास रंगहीन. संप्रेरकांनी तिला डिवचलं नाही तर ती जन्मभर निमूट राहते. पण फोनच्या कॅमेऱ्याला तोंडाच्या इतकं जवळ येण्याची परवानगी मिळाली आणि आत्याबाईंची लव चव्हाट्यावर आली. त्यामुळे हल्ली घरोघरी कंगव्याशेजारी गुलाबी दांडीचा छोटा रेझर दिसतो, आणि पार्लरच्या दरपत्रकात फेशियल आणि ब्लीचच्या मध्ये ‘डर्माप्लेनिंग’ असा भारदस्त शब्द येऊन बसला आहे. दोन्हींचं काम एकच, चेहऱ्यावरून पातं फिरवणं. फरक इतकाच की घरगुती पात्याला बारीक दात्यांचं कवच असतं, आणि मूळ डर्माप्लेनिंगमध्ये प्रशिक्षित हात शस्त्रक्रियेचं उघडं पातं वापरतात.

हा रेझर घरात आला की निकाल आधी लागतो आणि सुनावणी नंतर होते. ‘दाढी येईल हो!’ हे वाक्य आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्या एका सुरात म्हणतात. माझं म्हणणं असं की या गुन्ह्यात रेझर पूर्ण निर्दोष आहे. त्याचा खरा गुन्हा वेगळा आहे आणि त्याबद्दल त्याला कुणी हटकतसुद्धा नाही. शिवाय दाढीचा हा आरोप करणाऱ्या घराची स्वतःची साक्षही ऐकण्यासारखी आहे. तान्ह्या बाळाचं जावळ काढताना हेच घर आनंदाने सांगतं की वस्तरा फिरवला की केस दाट येतात. म्हणजे वस्तऱ्याची ती कथित करामत बाळाच्या डोक्यावर वरदान आणि मुलीच्या हनुवटीवर शाप! करामत खरी असती तर टक्कल पडू लागलेल्या पुरुषांनी महागडी तेलं आणि प्रत्यारोपण सोडून कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये रांग लावली असती, आणि तिरुपतीला नेमाने मुंडण करून येणाऱ्या काकांना एव्हाना आयाळ फुटली असती.

हे तपासून पाहिलं गेलं आहे, तेही बऱ्याच वर्षांपूर्वी. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी 1928 मध्ये काही पुरुषांच्या दाढीचे केस मोजून पाहिले. वारंवार दाढी केल्याने केसांचा रंग, जाडी किंवा वाढीचा वेग बदलल्याचं त्यांना आढळलं नाही. 1970 मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी पाच तरुणांना एक पाय दर आठवड्याला भादरायला लावला आणि दुसरा तसाच ठेवला. काही महिन्यांनी दोन्ही पायांच्या केसांची तुलना केली तर वजनात, रुंदीत, वेगात, कशातच फरक नव्हता. (ते महिने हाफ पँट घालून त्यांनी कसे काढले असतील, याची नोंद मात्र माझ्या पाहण्यात नाही.)

यावर हरकत येते, आणि ती रास्त आहे. हे सगळे पुरुष. पायाचे नाहीतर दाढीचे राठ केस. त्यावरून बायकांच्या गालावरच्या लवेचा निकाल कसा द्यायचा? केवळ मोजमापांवर द्यायचा झाला तर पुरावा तुटपुंजाच आहे. पण मोजमापांच्या मागे शरीराची रचना उभी आहे. केस वाढतो तो कातडीखालच्या मुळातून, आणि बाहेर दिसतो तो भाग निर्जीव असतो. पातं वरचा निर्जीव तुकडा कापतं. खाली मुळाला त्याची खबरही लागत नाही. मुळाने बारीक लव काढायची की जाड काळा केस, हे ठरवण्यात रक्तातून येणाऱ्या संप्रेरकांचा वाटा मोठा असतो. मग रेझर वापरणाऱ्या इतक्या जणींना केस राठ झाल्यासारखे का वाटतात? कारण न कापलेल्या लवेचं टोक निमुळतं असतं आणि कापलेलीचं बोथट. बोटाला ते खुंटासारखं टोचतं, पण जाडी तीच असते. दुसरं कारण काळाचं आहे. ओठांवरचे केस खटकू लागतात ते बहुधा विशीत किंवा पाळी जाण्याच्या सुमाराला, म्हणजे ते मुळातच वाढू लागलेले असतात तेव्हा. रेझर नेमका त्याच वेळी हातात येतो आणि पुढच्या सगळ्या वाढीचं खापर त्याच्यावर फुटतं.

आता त्याचा खरा गुन्हा. पातं लवेबरोबर कातडीचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थरही थोडा खरवडून नेतं. हा थर कागदाहून कितीतरी पातळ असतो. पण आतलं पाणी आत आणि बाहेरची आग बाहेर ठेवण्याचं काम तोच करतो. तो थोडा कमी झाला आणि लव गेली की उजेड एकसारखा परावर्तित होतो, मेकअप लवेला चिकटून बसत नाही आणि चेहरा तुकतुकीत दिसतो. ही चकाकी खोटी नाही, फक्त चार दिवसांची आहे. जाहिरातवाले पुढे सांगतात की आता क्रीम खोलवर शिरेल. तेही खरंच, पण राखण कमी झालेल्या दारातून क्रीमबरोबर त्यातला सुगंध, आम्ल आणि बाकीची मंडळीही आत शिरतात, ते मात्र सांगत नाहीत.

समजा, एका नवरी मुलीची शनिवारी हळद आहे आणि रविवारी लग्न. शुक्रवारी रात्री ती कोरड्या चेहऱ्यावर रेझर फिरवते. ओठांवर समाधान होत नाही म्हणून त्याच जागी तीन-चार वेळा, थोडं दाबून. मग रोजच्या सवयीने ग्लायकोलिक आम्लाचं टोनर लावते. झोंबतं, पण झोंबतंय म्हणजे काम करतंय, अशी तिची समजूत. शनिवारी त्यावर हळद, उटणं आणि करवल्यांचं प्रेमाचं खसाखसा चोळणं, वर मांडवातलं ऊन. रविवारी ओठांवर लाली आणि आग, फाउंडेशनचे पापुद्रे. लाली आठवड्यात जाते. पण गव्हाळ-सावळ्या कातडीला दुखावलं की ती रंगद्रव्य जास्त बनवून उत्तर देते, आणि दोन-तीन आठवड्यांनी ओठांवर तपकिरी पट्टा उमटतो. मिशी काढायला गेलेली मुलगी मिशीची सावली घेऊन येते. सासरी पहिल्याच सणाला कुणीतरी म्हणतं, ‘बघ, दाट आले ना?’ ते केस नसतात, डाग असतो. ओळखायला सोपं आहे. खिडकीशी उभं राहून बाजूने उजेड घ्यावा आणि कातडी ताणून बोट फिरवावं. बोटाला गुळगुळीत लागलं आणि रंग मात्र तसाच दिसला तर तो डाग. तो जायला कित्येक महिने लागतात, आणि तो घालवण्याच्या नादात पुन्हा रेझर फिरवला तर आणखी गडद होतो.

याच मुलीने हे आठवडाभर आधी केलं असतं तर बहुधा काहीच घडलं नसतं. रेटिनॉल आणि आम्लवाली क्रीमं चार-पाच दिवस आधी बंद. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा. कातडी एका हाताने ताणलेली. पातं साधारण 45 अंशांत तिरपं, केसांच्या दिशेने, दोनेक सेंटिमीटरचे हलके फटकारे, आणि एका जागी एकदाच. नंतर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. आम्लं आणि रेटिनॉल निदान तीन दिवस परत नाहीत. पुढची फेरी तीन-चार आठवड्यांनी, कारण कातडीला नवा थर पूर्ण घडवायला साधारण तेवढा वेळ लागतो. पिकलेल्या पुळ्या किंवा तोंडाजवळ उठलेली नागीण असेल तर पातं उचलायचंच नाही. पात्याच्या बाबतीत आपली काटकसर फार नडते. दोन-तीन वापरांत ते बोथट होतं, मग आपण दाब वाढवतो आणि आग तिथूनच सुरू होते. ते मैत्रिणीलाही द्यायचं नाही. चपटे चामखीळ विषाणूमुळे होतात आणि पात्याबरोबर पसरतात. रेझर फिरल्या मार्गावर रांगेत बारीक चपटे उंचवटे दिसले तर ते तेच असण्याची शक्यता मोठी. ते मुरूम नव्हेत.

‘एवढं सांभाळण्यापेक्षा थ्रेडिंग काय वाईट?’ असं कुणी म्हणेल. वाईट नाहीच, मुळापासून उपटल्याने ते जास्त टिकतं. पण सगळ्या गालावर दोरा फिरवून घ्यायला वेगळीच सहनशक्ती लागते, आणि आग त्यानेही होते. कायमचा उपाय म्हणून लेझरकडे जाणाऱ्यांना मात्र एक गंमत कळायला हवी. काही जणींच्या गालावर आणि हनुवटीखाली, विशेषतः सावळ्या रंगाच्या आणि संप्रेरकांचा असमतोल असलेल्या बायकांत, लेझरनंतर बारीक लवेच्या जागी उलट जाड केस उगवल्याचं त्वचारोगतज्ज्ञांना माहीत आहे. म्हणजे ज्या आरोपाखाली स्वस्तातला रेझर इतकी वर्षं बदनाम आहे, तो लागू होतो तर महागड्या यंत्राला.

लव नसून खरोखरच हनुवटीवर जाड, काळे केस येत असतील तर प्रश्न पात्याचा राहत नाही. सोबत पाळी अनियमित असेल तर पीसीओएससारखं कारण तपासायला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. रेझर तोवर वापरायला हरकत नाही, त्याने औषधात अडचण येत नाही. आणि ‘गोरं करणारं’ म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली ट्यूब रोज लावत असाल तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडं आहेत, आणि महिनोन्‌महिने लावली तर चेहऱ्यावर केस वाढवतात. अशा बऱ्याच मलमांना सरकारने 2018 मध्ये चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांत घातलं, तरी ती काउंटरवर मिळत राहतात. यातलं नाव सापडलं तर ट्यूब एकदम फेकूनही देऊ नका. अचानक बंद केल्यावर चेहरा लाल होऊन पेटतो. ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.