चालू कंडिशन

माझा मावसभाऊ मंदारदादा वाण्याने परत दिलेली चिल्लर दोनदा मोजतो आणि तिसऱ्यांदा मावशीकडून मोजून घेतो. नोकरी म्हणाल तर बँकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचं. जिथे जाईल तिथे एकच वाक्य कानावर पडतं, "आम्ही काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." वर्षानुवर्षं हे ऐकून कुणाचाही माणसांवरचा विश्वास उडेल. दादाचा वस्तूंवरचाही उडाला. त्याच्या लेखी वस्तू दोनच प्रकारच्या: बिघडलेल्या, आणि बिघाड अजून न सापडलेल्या.

बरं, नव्या वस्तूंवर तरी भरवसा असावा? छे. "नवी म्हणजे अजून कुणी वापरून न बघितलेली," हे त्याचं मत. जुनी वस्तू निदान काही वर्षं चाललेली असते. ती विकणारा मात्र हमखास खोटं बोलत असतो. यामुळे दादा स्वतःसाठी सहसा काही विकत घेत नाही. दुसऱ्याच्या खरेदीला मात्र बोलावलं की रजा टाकून येतो.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बाबांनी मला कॉम्प्युटरसाठी दहा हजार रुपये दिले आणि आईने दादाला फोन केला. शनिवारी सकाळी तो डोंबिवलीला आमच्या दारात हजर. पाठीवर सॅक. सॅकमध्ये टॉर्च, मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर, एक कागदाची क्लिप आणि शाळेत असतो तसला पांढरा खोडरबर. आईला वाटलं, पोरगा स्पर्धा परीक्षेला बसतोय.

"चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह घ्यायचा," गाडीत त्याने मला समजावलं. "विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीखालचं काही अधिकृतपणे घेत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मग ऑफिसवाल्यांनी काय केलं? धडधाकट मशिनं काढून टाकली. आपण त्यावर लिनक्स मिंट घालू. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे, वेगळं कार्ड नको. रॅम लागते डीडीआर-३, ती नव्या बोर्डांना चालत नाही, म्हणून आपल्याला परवडते." एवढं बोलून तो शेजारच्या माणसाकडे संशयाने बघत बसला, कारण तो माणूस ऐकत होता.

ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण ते नाव घेऊन पत्ता विचारलात तर पार्ट विकणारा पोरगाही विचारात पडेल. दुकानं लहान, एकेक माणूस आडवा होऊन आत जाईल एवढी. आत बोर्डांच्या चळती. दादा शिरला की दुकानदाराचा चेहराच पडायचा.

"एकदम टेस्टेड है भाईसाब, चालू कंडिशन."

"टेस्ट किसने किया?"

या प्रश्नावर तिथे सहसा शांतता पसरते.

एच-८१ चिपसेटचा एक मदरबोर्ड दादाने हातात घेतला. या जातीत पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात. तब्बल ११५०, केसासारख्या बारीक. प्रोसेसरची खालची बाजू सपाट असते आणि तो नुसता त्यांच्यावर टेकतो. मागच्या मालकाने काढताना तिरका उचलला किंवा हातातून पाडला, की दोन-चार पिना वाकल्याच. दादाने सॉकेटवरचं झाकण काढलं, टॉर्च आडवा धरला आणि बोर्ड हळूहळू कलता केला. पिना सरळ असतील तर सगळ्या ओळी एकदम चमकतात आणि एकदम विझतात. एखादी वाकलेली असेल तर ती एकटीच भलत्या वेळी चमकते. "ही बघ," तो म्हणाला. कोपऱ्यात खरंच एक ठिणगी वेगळी होती. दुकानदार म्हणाला, "उससे कुछ नहीं होता." दादा म्हणाला, "कधी काही होत नाही, कधी रॅमचा एक स्लॉट मेलेला निघतो." दुसरा बोर्ड काढायला लावला. तो टॉर्चच्या परीक्षेत पास झाला, तरी दादाने त्याच्यावर प्रोसेसर बसवून, आठ जीबीची रॅम आधी एका स्लॉटमध्ये आणि मग दुसऱ्यात घालून, दोन्ही वेळा पडद्यावर ८१९२ एमबीचा आकडा वाचल्यावरच पाकिटाला हात घातला. माझ्या पाकिटाला.

पुढच्या दुकानात "सिर्फ घर का यूज" असलेली एक हार्डडिस्क निघाली. दादाने ती लावायला सांगून आतली नोंद उघडली. डिस्क किती तास चालू होती, ते ती स्वतःच लिहून ठेवते. आकडा चाळीस हजारांच्या वर होता. म्हणजे हे घर साडेचार वर्षं रात्रंदिवस एक क्षणही झोपलेलं नव्हतं. दादाने दुकानदाराकडे फक्त बघितलं. शेवटी २४० जीबीची नवी एसएसडी घ्यावी लागली. नवी वस्तू घेतल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर दादरपर्यंत होतं.

एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, त्याने आधी नुसता हातावर तोलला. पोकळ डबे हलके लागतात. मग त्याच्या मोठ्या चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर कागदाच्या क्लिपने जोडली. बोर्ड नसतानाही पंखा फिरू लागला. मल्टिमीटर पिवळ्या वायरवर: १२.१. ती बारा व्होल्टची, वरखाली पाच टक्के चालतात. लाल पाचची, नारिंगी ३.३ ची, दोन्ही बरोबर. दुकानदार विजयी मुद्रेने बघू लागला, तर दादा म्हणतो, "हा बिनकामाचा आकडा आहे. रिकामा माणूस कुणीही ताठ उभा राहतो, ओझं दिल्यावर कळतं." त्याने सात दिवसांची चेकिंग वॉरंटी बिलावर लिहून घेतली. दुकानदार शिक्का मारायला विसरला होता, म्हणून आम्ही नाक्यावरून परत गेलो.

राहिलं कॅबिनेट. दादा म्हणाला, "त्याला पैसे घालवू नकोस. माझं जुनं आहे माळ्यावर." मी विचारलं, तपासायचं नाही का? पहिल्यांदाच तो माझ्यावर उखडला. "चिमे, पत्र्याच्या खोक्यात काय बिघडणार? आणि ते *माझं* आहे."

जोडणी रविवारी आमच्या डायनिंग टेबलवर. आईने टेबलावर प्लास्टिक अंथरलं होतं. दादाने ते काढून टाकलं, स्थिर वीज तयार होते म्हणून. पोहे गॅलरीत खायची वेळ आली. प्रोसेसरवरची वाळलेली जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली आणि वर पंखा बसवला. खोडरबरचा उपयोग आता कळला. रॅमच्या खालच्या सोनेरी पट्ट्यांवर वर्षानुवर्षांचा मळ बसतो आणि कॉम्प्युटर ढिम्म राहतो. दादाने त्या हलक्या हाताने खोडल्या, भुगा झटकला आणि दोन्ही टोकांच्या खिट्ट्या आपोआप 'टक्' होईपर्यंत पट्टी दाबली. बोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रूंनी बसला. चोवीस पिनांचं कनेक्टर, प्रोसेसरजवळचं चार पिनांचं वेगळं कनेक्टर, सगळं जागच्या जागी. आईने उदबत्ती लावली. मी बटण दाबलं.

पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला.

पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा फेरा.

दादाच्या चेहऱ्यावर अपार समाधान पसरलं. "सांगितलं नव्हतं? एसएमपीएस." अर्ध्या फेऱ्याचा अर्थ त्याने मला सांगितला. कुठेतरी प्रमाणाबाहेर वीज ओढली जातेय, आणि डबा स्वतःला वाचवायला लगेच बंद होतोय. एक तर डबा कमजोर, नाही तर कुठेतरी शॉर्ट. त्याने रविवार असूनही दुकानदाराला फोन लावला, बिलावरच्या शिक्क्याचा उल्लेख केला आणि मगच तपासायला बसला. (हा क्रम त्याचा नेहमीचाच.)

एकेक वस्तू काढायची आणि बटण दाबायचं. एसएसडी काढली: अर्धा फेरा. पुढच्या पॅनलच्या यूएसबीच्या वायरी काढल्या: अर्धा फेरा. रॅम काढली: तरीही अर्धा फेरा. उरले बोर्ड, प्रोसेसर आणि डबा. दादाने तिन्ही बाहेर काढून बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडला, रॅम परत घातली. बटण कॅबिनेटला राहिलं होतं, म्हणून बटणाच्या वायरीच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या.

पंखा फिरला आणि फिरतच राहिला. मॉनिटरवर अक्षरं आली, ८१९२ एमबी, आय-फाइव्हचं नाव, सगळं.

मी ओरडले. आई धावत आली. दादा गप्प. त्याने सगळं परत कॅबिनेटमध्ये बसवलं. अर्धा फेरा. परत खोक्यावर. चालू. परत कॅबिनेटमध्ये. बंद.

"मग कॅबिनेटच बिघडलंय की रे मंदार," आई म्हणाली. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, त्यामुळे ती पटकन बोलली.

"मावशी, पत्र्याचं खोकं बिघडत नाही."

पण त्याने टॉर्च काढला. बोर्ड पत्र्याला चिकटू नये म्हणून खाली पितळी खुंट्या असतात, आणि त्या बोर्डाच्या भोकांबरोबर जुळाव्या लागतात. दादाच्या कॉलेजातल्या बोर्डाला एका जागी भोक होतं, या बोर्डाला तिथे नव्हतं. ती एक जादा खुंटी तिथेच उभी होती आणि बोर्डाच्या पाठीवरच्या झाळलेल्या टोकांना थेट टेकत होती. खुंटी पत्र्याला, पत्रा डब्याच्या काळ्या वायरीला, झाला शॉर्ट. बोर्डाच्या पाठीवर बारीक गोल ओरखडा होता. डबा दर वेळी वेळेवर बंद झाला म्हणून बोर्ड वाचला. ज्या डब्याच्या दुकानदाराला रविवारी झोपेतून उठवलं होतं, तोच हा डबा.

दादाने पकडीने खुंटी काढली आणि डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितली. मग म्हणाला, "हे कॅबिनेट मधे दोन वर्षं निल्याकडे होतं. त्यानेच काहीतरी केलं असणार."

बटण दाबलं. चाललं. मिंट अर्ध्या तासात बसलं. मी खुर्ची पुढे ओढली, तर दादाने माउस काढून घेतला. रॅम जुनी आहे, रात्रभर मेमटेस्ट चालवायची, एकही एरर आली तर परत करायची, वॉरंटीचे सहा दिवस बाकी आहेत. रात्री तो आमच्याकडेच झोपला, म्हणजे हॉलमध्ये पडद्याकडे तोंड करून पडून राहिला. सकाळी पडद्यावर हिरव्या अक्षरांत PASS आलं होतं, एरर शून्य.

आई चहा घेऊन आली. "झालं ना रे आता? वापरू दे तिला."

दादाने किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवलेला, मेमटेस्ट भरलेला पेनड्राइव्ह काढला, उलटसुलट करून बघितला.

"मावशी, हा पेनड्राइव्ह मला ऑफिसात एकाने दिलाय," तो म्हणाला. "मी दुसरा घेऊन संध्याकाळी येतो. तोवर कुणी हात लावू नका."