टोलाला सर्ज नसतो, भाऊ

कॉलेज रोडवरून चौघे कॅबने सिन्नरला निघाले. पावसाची वेळ, म्हणून ॲपवर सर्ज १.५. एरवीचं भाडं ७२० धरू आणि शिंदे टोलनाक्याचे ९०. आता चौघांत एक हिशेबतज्ज्ञ असतोच. तो ७२० मध्ये ९० मिळवतो, आलेल्या ८१० ची दीडपट करतो आणि १२१५ चा आकडा ग्रुपवर टाकतो. डोकी चार, प्रत्येकी ३०३ रुपये ७५ पैसे. पैशांपर्यंत हिशेब म्हटल्यावर कोण शंका घेणार?

सर्ज लागतो तो भाड्याला. पाऊस पडला म्हणून टोलनाका दर वाढवत नाही. ७२० ची दीडपट १०८०, त्यात टोल ९०, झाले ११७०. वरचे ४५ कॅबवाल्याने मागितलेच नव्हते. ज्याने आधी पैसे भरले, त्याच्या खिशात ते बिनबोभाट राहिले. (टोलातही दीडपट असते, पण ती चोवीस तासांच्या आत परत येणाऱ्याच्या जाण्या-येण्याच्या पासाची. तिचा पावसाशी संबंध नाही.)

खरी गंमत पुढे आहे. चौघांतला एक बिटकोला उतरला. टोलनाका त्याने पाहिलाही नाही, पण दुरुस्त केलेले ११७० भागिले चार केले, तरी त्याच्याही वाट्याला २९२ रुपये ५० पैसे येतात. बिटको साधारण एक तृतीयांश वाटेवर. तिथपर्यंतचं भाडं ३६०, ते चौघांचं, म्हणजे माणशी ९०. पुढचे ७२० उरलेल्या तिघांचे, माणशी २४०. टोलही तिघांचाच, माणशी ३०. म्हणजे बिटकोवाल्याचे ९० आणि सिन्नरकरांचे प्रत्येकी ३६०. बेरीज करून बघा, ११७० च येतात. यावर सिन्नरकर म्हणणार, ‘एवढं काय मोजायचं, मित्रच आहोत ना?’ मैत्री आठवते ती नेहमी ३६० वाल्यालाच.

पैसे पाठवण्याआधी ग्रुपवरचा आकडा नको, पावती मागा. तिच्यात टोल वेगळ्या ओळीत दिसतो. तो तिथे असेल आणि तरी चालक रोख टोल मागत असेल, तर तुम्ही तोच टोल दुसऱ्यांदा देताय. ओळच नसेल, तर मात्र त्याची मागणी रास्त आहे.

केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सर्जची मर्यादा दीडपट होती. जुलै २०२५ च्या सूचनांत ती दुपटीवर गेली. आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. कुठे खरंच दुप्पट लागली, तर वरच्याच प्रवासाचे होतात १५३०. आपला हिशेबतज्ज्ञ काढणार १६२०. फरक बरोब्बर ९० चा. म्हणजे नाका एक आणि टोल दोन, एक फास्टॅगला, दुसरा मित्राला.