बाहेरची कड उंच

डोंबिवलीत शेअर रिक्षाच्या चौथ्या सीटवर, म्हणजे चालकाच्या डाव्या अंगाला अर्ध्या मांडीवर, जो टेकलेला असतो त्याला वळणाचं भौतिकशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. रिक्षा उजवीकडे वळली की हा डावीकडे निघतो. "काका, दांडा धरा!" एवढंच मार्गदर्शन मिळतं. आपल्याला कोणी बाहेर ढकललं असं त्याला वाटतं; प्रत्यक्षात तो बिचारा नाकासमोर सरळच चाललेला असतो, रिक्षाच त्याला सोडून वळलेली असते.

वळायचं म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला कोणीतरी ओढायला हवं. सपाट रस्त्यावर हे काम फक्त टायरचं घर्षण करतं. जुलैत मात्र ऑइल, चिखल आणि पाऊस एकत्र आले की घर्षण रजेवर जातं. म्हणून रस्ता आखणारे बाहेरची कड उचलतात.

उचलून नेमकं काय होतं? घर्षण नाहीच असं धरू. रस्ता गाडीला आपल्या पृष्ठभागाशी काटकोनात रेटतो. सपाट रस्त्याचा रेटा सरळ वर जातो आणि सगळा वजन पेलण्यात खर्च होतो. वळवायला काही उरत नाही. रस्ता θ कोनात कलला की रेटाही तेवढाच कलतो. त्याचा उभा भाग N cosθ. तो mg इतकाच हवा, कारण रिक्षा उडत नाही आणि जमिनीतही शिरत नाही. आडवा भाग N sinθ, केंद्राकडे जाणारा. तो mv²/r इतका हवा, कारण वळायला तेवढंच लागतं. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की N जातो, m जातो, आणि उरतं

tanθ = v²/(rg)

एकाच रेट्याला दोन नोकऱ्या कराव्या लागतात, म्हणून तो वजनापेक्षा थोडा जास्तच असतो, mg/cosθ. पण मला खरी गंमत वाटते ती m च्या जाण्याची. चौघांची रिक्षा असो की मुंब्रा बायपासवरून धापा टाकत जाणारा कंटेनर, दोघांना हवा असलेला कोन एकच. (उलटण्याचा हिशेब निराळा. तिथे भार किती उंचावर आहे ते बघावं लागतं, आणि उंच लादलेला ट्रक घसरायच्या आधीच आडवा होऊ शकतो.)

आता १०० मीटर त्रिज्येचं वळण घेऊ. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, त्याचा वर्ग २७८, भागिले ९८०, उत्तर ०.२८. कोन जवळजवळ १६ अंश. सात मीटर रुंद रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा १.९ मीटर वर! माणूसभर उंच. वेग ४० वर आणला तर ती ९० सेंटिमीटरच्या आत येते. वर्गाचा हा प्रताप. आणि घोडबंदर रोडला, गायमुखच्या घाटात, संध्याकाळी जो वेग असतो तो सूत्रात घातला की कोन बिनचूक शून्य येतो.

हे वाटतं तेवढं थट्टेचं नाही. सूत्र एकाच वेगापुरतं खरं असतं, आणि आपल्या रस्त्यावर एका वेगाने कोण जातं? सोळा अंशांवर कोंडीत थांबलेला कंटेनर आतल्या बाजूला कलून उभा राहील, माल सरकेल, ओल्या रस्त्यावर गाड्या आतल्या कडेला घसरूही शकतील. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसने मैदानी भागात हा उतार शंभराला ७ पर्यंतच ठेवला. तोही पूर्ण वेगासाठी नाही, आखलेल्या वेगाच्या पाऊण वेगासाठी मोजतात. उरलेलं टायरने बघायचं. आपल्या वळणावर ७ टक्के उतार ताशी ३० किलोमीटरपर्यंत एकटा पुरतो; टायरकडून हिशेबात धरतात ते ०.१५ मिळवले की मजल ५३ पर्यंत जाते. वळणाआधीच्या वेगमर्यादेच्या पाटीमागे असला व्यवहार असतो.

वळण नीट बांधलंय की नाही हे पावसाची सर थांबल्यावर उतरून बघावं. एरवी रस्ता मधे फुगीर असतो आणि पाणी दोन्ही कडांना पळतं. चांगल्या वळणावर ते सगळं आतल्या कडेला येतं. बाहेरच्या कडेलाही गटार वाहत असेल तर तिथली लेन उलटी कलली आहे, म्हणजे टायरला मदत करायची सोडून ती गाडीला बाहेरची वाट दाखवते आहे. कधी मूळ रस्ता बरोबर असतो, पण खड्डे बुजवताना आतल्या कडेवर थरावर थर चढतो. दरसाली डांबर वाढतं, tanθ तेवढा कमी होतो, आणि बिलात मात्र त्याला सुधारणा म्हणतात.