निम्म्या बिलातलं मटण

सोलापुरात ‘डेट’ म्हणत नाहीत, ‘जरा भेटून घ्या’ म्हणतात. स्थळ आईनं आणलेलं असो की मोबाइलनं, मुलगी होटगी रोडवरून घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘बिल कुणी दिलं?’ मुलगा बोलतो कसा, हे त्यानंतर.

हल्ली बरेच मुलगे ‘मी समानता मानतो, आपलं टीटीएमएम’ असं बसल्याबसल्या जाहीर करतात. छान. आता बिल बघू. तिची साधी थाळी १६० रुपये, त्याची काळ्या मसाल्याची मटण थाळी ३६०, दोघांचं ताक ४०. झाले ५६०. त्यावर पाच टक्के जीएसटी २८, एकूण ५८८. समानतावादी निम्मे करतो: २९४. तिनं खाल्लं मात्र करासकट १८९ रुपयांचं. म्हणजे समानतेपोटी तिनं त्याच्या मटणाला १०५ रुपये घातले, आणि रस्सा चाखायलाही मिळाला नाही.

म्हणून ‘निम्मं’ म्हणणाऱ्याचा स्वभाव बिलावरून नाही, ताटावरून ओळखावा. ज्याचं ताट महाग, त्यानंच निम्म्याचा आग्रह धरला, तर सावध व्हावं. हेच मुलगी म्हणत असेल, तर लगेच तिला कंजूष ठरवू नये. पुढच्या भेटीचा ‘हो’ आधीच्या बिलात वसूल केलेला तिनं कदाचित पाहिला असेल.

दुसरी जात नेहमी स्वतःच देणाऱ्यांची. वेटरनं बडीशेप आणायच्या आत यांचं स्कॅन झालेलं असतं आणि काउंटरवरचा डबा सगळ्या हॉटेलाला रक्कम ऐकवतो. दिलदार आहे की मालक, हे पहिल्या भेटीत कळत नाही, तेव्हा दुसऱ्या भेटीत आधी आपण उठून पैसे भरावेत. दिलदार माणूस हसतो, ‘मग पुढचं माझं’ म्हणतो. मालकाचा चेहरा उतरतो: ‘मी असताना तू पैसे द्यायचे?’ मग आठवायचं, हॉटेल कुणी निवडलं होतं, भाजी कुणी सांगितली होती, निघायचं कुणी ठरवलं होतं. तिन्ही उत्तरं एकच आली, तर तो जेवणाचे नाही, मताधिकाराचे पैसे भरत होता.

निम्म्याची खरी गंमत यादीच्या बैठकीत. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा, त्यामुळे हुंडा कुणी मागत नाही. ‘लग्न निम्म्यानिम्म्यात करू’ म्हणतात. समजा, ताटामागे अडीचशे रुपये. मुलीकडचे दोनशे पाहुणे, मुलाकडचे सहाशे. एकूण दोन लाख, प्रत्येकी एक. मुलीकडच्यांनी जेवायचं पन्नास हजारांचं आणि द्यायचे लाख! पाहुण्यांप्रमाणे पैसे वाटून घेऊ, असं मुलीनं सुचवलं की मुलाचे काका पान तोंडात सरकवत म्हणतात, ‘अहो, नात्यात हिशेब कसला?’