मास्तरांची दुपारची झोप

गिरण्यांचे भोंगे बंद होऊन जमाना झाला, पण लोअर परळ अजून घड्याळाबरहुकूमच चालतं. सकाळी स्टेशनातून माणसांचा लोंढा बाहेर पडतो, एकच्या सुमाराला तोच लोंढा काचेच्या इमारतींतून जेवायला खाली उतरतो आणि संध्याकाळी पुन्हा स्टेशनकडे वळतो. या लोंढ्यात रोज कुणाची तरी चेन तुटलेली असते, कुणाची पँट कंबरेत घट्ट झालेली असते, आणि कुणीतरी ऑनलाइन मागवलेली जीन्स चार बोटं लांब निघालेली असते. आमचे मास्तर यावर जगतात. ना. म. जोशी मार्गाच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या डिलाईल रोडच्या, एका गल्लीत चाळीच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान आहे. त्यात एक मशीन, एक इस्त्री आणि एक पोटमाळा.

गुगलच्या नकाशावर या दुकानाची नोंद कुणा गिऱ्हाइकानेच कधीतरी करून दिली होती. ऑफिसातल्या मुलींनी तिच्याखाली ‘अर्ध्या तासात फिटिंग करून दिलं’ वगैरे लिहिलं होतं. त्या भागात उभं राहून कुणी alteration near me असं शोधलं, की वर दिसणाऱ्या तीन दुकानांत मास्तर हमखास असत. मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आपल्या हाताला गुण आहे म्हणून गिऱ्हाईक येतं, असं ते समजत, आणि ते अर्धं खरंही होतं.

मग डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून पुतण्या आला. त्याने एका बैठकीत नोंदीचा कायापालट केला. पाटीवर नुसतं ‘टेलर्स’ आहे, तिथे त्याने ‘कुटूर, अप्पर वरळी’ असं नाव चढवलं. (लोअर परळला अप्पर वरळी म्हणायची कल्पना घरं विकणाऱ्यांची, इथे राहणाऱ्या कुणालाही वर गेल्यासारखं वाटलेलं नाही.) मुख्य वर्ग Clothing alteration service होता, तो Fashion designer केला. दुकानाच्या वेळा कुणी कधी नीट भरल्याच नव्हत्या, त्याही भरल्या. पुढच्या काही आठवड्यांत फोन थंडावला.

चाळीत निदानांना तोटा नसतो. ‘गुगलला पैसे हवेत’ हे पहिलं निदान. ते बाद, कारण जाहिरातीची जागा वेगळी असते आणि स्थानिक शोधातला क्रम पैसे देऊन वर नेता येत नाही, असं गुगल स्वतःच सांगतं. क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: शोधणाऱ्याला हवं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुमचा किती बोलबाला आहे. ‘सगळ्यांचंच खाली गेलं असेल’ हे दुसरं निदान. पण शेजारच्या गल्लीतला टेलर आपल्या जागेवर ठाण मांडून होता. सगळीकडेच उलथापालथ झाली असती, तर तोही हलला असता.

तिसरं निदान पुतण्याचं: ‘जुनी नोंद पुसून नवी करू.’ हे मात्र घाईघाईने थांबवावं लागलं. नवी नोंद कोऱ्या पाटीने सुरू होते, तिची पडताळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, आणि जुनी नीट मिटली नाही तर एकाच दुकानाच्या दोन नोंदी एकमेकींच्या पायात पाय घालतात.

आधी पाहायला हवं होतं ते असं, की दुकान नेमकं कुणाला दिसत नाहीये. दुकानाचं नाव टाकलं तर ते पहिलंच येत होतं, म्हणजे नोंद जिवंत होती. alteration टाकलं तर गायब. fashion designer टाकलं तर यादीत तळाशी, वरळीतल्या भल्याभल्या डिझायनरांच्या पायाशी चेन बदलणारे आमचे मास्तर. नोंदीच्या आकडेवारीत, लोक कुठले शब्द टाकून आपल्यापर्यंत पोचले, तेही महिन्यागणिक दिसतं. बदलाआधी तिथे अल्टरेशन, पँट फिटिंग, झिप रिपेअर असे शब्द होते. नंतर उरलं फक्त दुकानाचं नाव. ओळखीची माणसं येत होती, अनोळखी थांबली होती. हे लक्षण दिसलं की बोट मुख्य वर्गाकडे दाखवावं. गुगल एक मुख्य आणि आणखी नऊपर्यंत वर्ग देतं, पण वजन असतं ते मुख्याला.

पुतण्याने वर्ग पूर्ववत केला, Tailor जोडीला ठेवला आणि नाव पाटीवर आहे तेवढंच केलं. नावात वस्तीचं नाव किंवा धंद्याचं गुणगान घुसडणं तसंही नियमाबाहेरचं. त्यानंतर हात बांधून बसायचं होतं, आणि त्या वयात तेच अवघड. क्रम सावकाश सावरतो. रोज नवा बदल केला तर कशाने काय झालं ते कळत नाही, आणि नाव-पत्ता वारंवार हलवला तर पुन्हा पडताळणी मागे लागू शकते.

दोनेक आठवड्यांत दुकान परत दिसायला लागलं. मी सकाळी कामावर जाताना स्टेशनबाहेर शोधायचो, तेव्हा मास्तर आपल्या जुन्या जागी. मी जाहीर करून टाकलं की झालं काम. पण फोन निम्म्यानेच वाढला. मग समोरच्या इमारतीतल्या एका ओळखीच्या मुलीने जेवणाच्या सुट्टीत तेच शब्द टाकून पाहिले, तर मास्तर यादीत कुठल्या कुठे खाली. जागा तीच, शब्द तेच, फरक फक्त वेळेचा.

उत्तर पुतण्याच्या प्रामाणिकपणात निघालं. वेळा भरताना त्याने लिहिलं होतं, ‘१ ते ४ बंद’. ते शंभर टक्के खरं होतं. मास्तर दुपारी जेवून पोटमाळ्यावर जातात आणि त्यानंतर इमारत पडली तरी उठत नाहीत. पण नुसती सेवा शोधणाऱ्या माणसाला नकाशा त्या घडीला उघडी असलेली दुकानं वर दाखवतो. दुकान उघडं असण्याला क्रमात आता जास्त वजन आहे, हे गुगलच्या माणसांनी डिसेंबर २०२३ मध्ये मान्यही केलं होतं. नाव टाकून शोधणाऱ्याला याने फरक पडत नाही. आणि लोअर परळचं सगळं अनोळखी गिऱ्हाईक चेन हातात धरून एक ते अडीचमध्येच खाली उतरतं.

‘मग दिवसभर उघडं लिहू,’ पुतण्या म्हणाला.

‘आणि माणूस येऊन शटर बघून गेला तर?’ मास्तरांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. असा माणूस एक चांदणी देऊन जातो, चार ओळी लिहून जातो, आणि ते पुसायला वर्ग बदलण्याएवढं सोपं नसतं.

‘झोप चारनंतर घ्या,’ असं सुचवून पाहिलं. मास्तरांनी उत्तर दिलं नाही, फक्त चष्म्यावरून पाहिलं.

तोड काढली ती काकूंनी. शटर उघडं ठेवायचं, त्या खाली बसतील, कपडा घेतील, खडूने खूण करून चिठ्ठी देतील. किरकोळ शिवण आणि चेन त्यांना येतेच. वेळ खरोखर ‘१० ते ८’ झाली, तशी ती नोंदीत लिहिली आणि दुपारचा क्रमही वर सरकला. वर पोटमाळ्यावर घोरणं, खाली गिऱ्हाईक.

आता मास्तरांची वेगळीच तक्रार आहे. गर्दी पूर्वीपेक्षा जास्त दिसते, पण गल्ल्यात तेवढं पडत नाही. दुपारच्या चेनांचे पैसे काकू आपल्या डब्यात टाकतात आणि विचारलं तर म्हणतात, ‘तुमच्या वेळेत आलेलं गिऱ्हाईक नाही ते.’