बॅज कोणत्या डावीकडं?

(स्थळ: नांदेड, वजिराबादेतलं गणवेशाचं दुकान. जून महिना.)

पालक : मालक, हा टी-शर्ट बदलून द्या. बॅज उजवीकडं लावलाव तुम्ही.

दुकानदार : तुमच्या उजवीकडं का लेकराच्या?

पालक : लेकराच्या ओ! पाहिजे होता डावीकडं. खांद्याचं पण तसंच. पिवळा तुकडा डाव्या खांद्याला पाहिजे, निळा उजव्या. इथं उलटंच.

दुकानदार : तुम्ही व्हॉट्सॲपवर टाकलेल्या फोटोवरूनच शिवलंय. हा बघा.

पालक : हे पोरानं सेल्फी काढून दिलं होतं.

दुकानदार : इथंच घोळ झाला! सेल्फीत आरशासारखं उलटं येतंय. फोटो मोठा करा. बॅजवरची अक्षरं वाचता येतात का?

पालक : उर्दूसारखी उजवीकडून चाललीत.

दुकानदार : अन् बटनपट्टी बघा. पोरांच्या शर्टाला डावी पट्टी वर असती, इथं उजवी दिसालीय. मी आधीच बघायला पाहिजे होतं, पण जूनमध्ये पट्ट्या कोण बघतंय!

पालक : मग आतली बाजू बाहेर करून घातला तर? डावं-उजवं आपोआप बदलतंय की.

दुकानदार : बदलतंय! पण शिवण बाहेर येती अन् बॅज आत. मास्तरला बॅज दाखवायला पोरगं रोज शर्ट वर करणार का?

पालक : बॅज तेवढा उसवून द्या मग.

दुकानदार : उसवला तरी सुईची भोकं राहतात. तुकडे तर कापूनच जोडलेत, ते कसे फिरवणार? नवाच द्यावा लागतो. धुतला नाही ना?

पालक : नाही ओ. अन् कॉलर? शाळेच्या कॉलरीला कडेला पिवळी रेघ असती.

दुकानदार : फोटोत पोरगं हनुवटी छातीला लावून उभंय, रेघ कुठून दिसणार? ती विणतानाच येती, वरून टाकता येत नाही. रेघेची कॉलर मागवावी लागंल.

पालक : धाकट्याचं बरं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत, 2024 ला सगळ्या राज्यात एकच गणवेश. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, विषय संपला.

दुकानदार : कुठला संपला! पुढच्या वर्षीपासून परत शाळा समितीकडं दिलं. आता समितीतले सगळे मिळून रंग ठरवतात, अन् एकाचा आकाशी दुसऱ्याच्या आकाशीला जुळत नाही. तुम्ही आपला जुना शर्टच आणा. खांद्याच्या शिवणीपासून बॅज किती खाली, टेपनं मोजून घेतो.

पालक : तो घालून पोरगं शाळेत गेलंय.

दुकानदार : मग तुम्हीच उभं राहा, जागा दाखवा. डावा हात वर करा.

(पालक हात वर करतो.)

दुकानदार : हा उजवाय ओ.

पालक : तुमच्याकडून बघितलं तर डावीकडंच हाय की!