लाल पाकळीचा साबण

सावेडीत कुठलंही प्रदर्शन भरू द्या, पापड-कुरडयांच्या टेबलाशेजारी आता साबणाचं टेबल असतंच. साबण लांबूनच ओळखू येतो. कडा ओबडधोबड, डोक्यावर गुलाबाच्या लालचुटुक पाकळ्या आणि कमरेला कागदाची पट्टी. पट्टीवर 'हँडमेड', त्याखाली 'केमिकल फ्री' आणि त्याखाली किंमत. किंमत वाचली की साबण हातातून अलगद खाली ठेवला जातो, मग बायको बघते आहे हे लक्षात येऊन पुन्हा उचलला जातो.

'केमिकल फ्री' साबण ही मोठी गमतीची वस्तू आहे. तेल आणि कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली एकमेकांना भिडल्याशिवाय जगात कुठलाच साबण होत नाही, मग तो कारखान्यातला असो की केडगावच्या स्वयंपाकघरातला. एक किलो तेलाचा घाणा धरा : ६०० ग्रॅम शेंगदाण्याचं, ३०० ग्रॅम खोबरेल, १०० ग्रॅम एरंडेल. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी असते, खोबरेलाची सगळ्यांत जास्त. या घाण्याला हिशेबाने साधारण १४९ ग्रॅम सोडा लागतो. जाणती बाई त्यातला पाच टक्के कमी करून १४२ ग्रॅमच घालते, म्हणजे थोडं तेल तसंच शिल्लक राहतं आणि कातडी ओढल्यासारखी होत नाही. सोडा ३०० ग्रॅम पाण्यात हळूहळू विरघळवायचा. सोड्यावर पाणी ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. हे पाणी निवल्यावर तेलात घालून पातळ पिठल्याइतकं दाट होईपर्यंत घुसळायचं आणि साच्यात ओतायचं. एक-दोन दिवसांनी वड्या कापायच्या आणि चार ते सहा आठवडे फळीवर वाळवायच्या. हिशेब बरोबर असेल तर तयार वडीत सोडा उरत नाही. तेव्हा पट्टीवर फार तर 'केमिकल होतं, संपलं' असं छापता येईल.

आता पाकळीकडे येऊ, कारण सगळी चोरी तिथेच पकडली जाते.

साच्यात ओतलेलं ताजं मिश्रण जहाल अल्कली असतं. गुलाबाचा लाल रंग अल्कलीपुढे टिकत नाही. आधी हिरवटतो, मग तपकिरी होतो. वडी कापायच्या दिवशी आतली पाकळी गाळून टाकलेल्या चहाच्या चोथ्याचा रंग घेऊन बाहेर येते. जास्वंदीचंही तेच. लॅव्हेंडरच्या कळ्या अशा काही काळ्या पडतात, की परदेशातले साबणवालेच त्यांना उंदराच्या लेंड्या म्हणतात. हळद घातली तर मिश्रण आधी लाल होतं. हळदीचं कुंकू करणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही. पुढे ती लाली उतरून मातकट पिवळा रंग राहतो.

या सगळ्यातून एक फूल तोंड न काळवंडता बाहेर पडतं, ते म्हणजे झेंडू. त्याचा पिवळा-केशरी रंग गाजराच्या रंगाच्या कुळातला. तो तेलात मुरतो आणि सोड्याला फारशी दाद देत नाही. झेंडूची सुकी पाकळी घातलेली वडी सहा आठवड्यांनीही पिवळीच दिसते. आणि झेंडू नगर तालुक्यात किती पिकतो, हे दसऱ्याच्या आदल्या दिवशी माळीवाड्यातून फिरलेल्याला सांगायला नको. भाव पडला की तोच रस्त्याच्या कडेला ओतलेला दिसतो. पण टेबलावर झेंडूचा साबण शोधून सापडत नाही. झेंडू पडला तोरणातला आणि ट्रकच्या कपाळावरचा. त्याला दोनशे रुपये कोण देणार? गुलाब कसा, फोटोत छान येतो.

मग टेबलावरच्या साबणात गुलाब लाल राहतो कसा? एक तर पाकळी अगदी शेवटी नुसती वरून चिकटवलेली असते. ती पहिल्याच अंघोळीला निघते आणि मोरीच्या जाळीत जाऊन बसते. नाही तर तो साबण बेसचा असतो. बेस म्हणजे कारखान्यात तयार झालेला साबणच, किलोवर मिळतो. तुकडे करायचे, गरम पाण्यावरच्या पातेल्यात वितळवायचे, रंग-वास घालायचा, सिलिकॉनच्या साच्यात पाकळी टाकून ओतायचं. संध्याकाळपर्यंत साबण तयार. सोड्याचं काम आधीच उरकलेलं असल्यामुळे पाकळीवर तेवढा हल्ला होत नाही. तरी काही आठवड्यांत तीही तपकिरी पडतेच, त्यामुळे तपकिरी पाकळी म्हणजे अस्सलपणाचा दाखला, असंही समजू नये. लाल पाकळी मात्र सोड्यातून गेलेली नाही, एवढं नक्की.

बेसचा साबण करण्यात लाजण्यासारखं काहीही नाही. दोन खोल्यांचं घर, ओट्याखाली खेळणारं पोर, आणि त्याच ओट्यावर कॉस्टिक सोडा विरघळवायचा? बचतगटाच्या बाईने बेस घेतला तर शहाणपणच केलं म्हणायचं. भांडण आहे ते पट्टीवर 'पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेला' असं छापणाऱ्याशी. हाताने घडवलं ते वितळवणं.

ओबडधोबड कडांचीही अशीच कथा. सिलिकॉनच्या साच्यातून वडी आरशासारखी गुळगुळीत निघते. एका टेबलावरच्या ताईंना विचारलं, मग या कडा अशा कशा? त्या हसून म्हणाल्या, "सुरीने करतो ना दादा, गुळगुळीत असली की लोक म्हणतात कंपनीची आहे." खऱ्या घाण्याच्या वडीला खडबडीत कड येते ती लवकर कापली, सुरीला चिकटली म्हणून, किंवा उशिरा कापली, भुगा पडला म्हणून. चांगला कारागीर ती तासून टाकतो. गिऱ्हाईक मात्र त्याच चुकीचे जास्त पैसे देतं.

राहिली पट्टी. तिचा एक खरा उपयोग आहे : वडी उघडी राहते, वाळत राहते, वास घेता येतो. वाळताना पाणी उडून वजन घटतं. कापताना ११० ग्रॅमची असलेली वडी दीड महिन्यात शंभराच्या आत येऊ शकते. म्हणून दुसऱ्याच दिवशी घट्ट बांधलेली पट्टी पुढे सैल होऊन खाली घसरते. पट्टी ढिली असेल तर नाक मुरडू नका. तो साबण निदान फळीवर थांबलेला आहे. वजन मात्र वाळल्यावरचं छापलेलं हवं. अंगाचा साबण हा कायद्याने प्रसाधन आहे आणि २०२० च्या प्रसाधन नियमांप्रमाणे विकायला करायचा तर परवाना लागतो. परवाना क्रमांक, घटक, बनवल्याची तारीख, पत्ता हे सगळं वेष्टनावर यायला हवं. पट्टीवर 'विथ लव्ह'ला आणि दोन फुलपाखरांना जागा सापडते, तिथे याला का सापडू नये?

तेव्हा पुढच्या प्रदर्शनात दोन प्रश्न विचारा. आतली पाकळी लाल असेल तर, "ताई, बेस कितीला किलो पडला?" आणि घाण्याचाच आहे असं ठासून सांगितलं तर, "वडी कापली कधी?" 'परवा' असं उत्तर आलं तर पैसे द्या, साबण घ्या, आणि दीड महिना त्याला हात लावू नका.